जिन्यातले पायरी-दिवे: ड्रायव्हर भिंतीत गाडू नका

नवीन घर बांधताना जिन्याच्या भिंतीत, पायऱ्यांच्या अंगाने छोटे दिवे बसवायची पद्धत आता आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांतही आली आहे. दुकानदार दिवे दाखवतो, गवंडी त्यांच्यापुरती खोबणी ठेवतो, वायरमन वायर ओढतो आणि पहिल्या रात्री सगळं झकास दिसतं. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते. सगळे दिवे एकदम बंद पडतात किंवा लुकलुकायला लागतात. तपासायला गेलं की कळतं, दिवे ठणठणीत आहेत, बिघडलाय तो ड्रायव्हर. आणि तो आहे भिंतीत, प्लास्टरच्या आत, वरून पुट्टी आणि रंग मारलेला.

हा ड्रायव्हर म्हणजे घरातली २३० व्होल्ट एसी वीज घेऊन एलईडीला लागणारी कमी दाबाची डीसी वीज देणारा डबा. या सगळ्या फिटिंगमध्ये आधी म्हातारं होतं ते हेच. एलईडीचं आयुष्य मोठं असतं, तांब्याच्या वायरीचं त्याहून मोठं. पण ड्रायव्हरच्या पोटात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकत जातं. ढोबळ हिशेब असा, की कपॅसिटरभोवतीचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं. आपल्याकडे मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर ४५ अंशांच्या पुढे जातं. दिवसभर तापलेली वीट रात्री उष्णता सोडते, आणि नेमके रात्रीच हे दिवे लागतात. अशा भिंतीत कोंडलेल्या ड्रायव्हरला स्वतःची उष्णता टाकायला जागाच उरत नाही.

म्हणून या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: दिवे आणि वायर भिंतीत जाऊ द्या, पण ड्रायव्हर हाताला लागेल असा बाहेर ठेवा आणि वायर पाइपमधून अशी न्या की उद्या ती ओढून बदलता येईल. हे ठरवायची वेळ प्लास्टरच्या आधीची असते. नंतर उरते ती फोडाफोड.

कोणता दिवा, कोणता ड्रायव्हर

बाजारात पायरी-दिवे दोन तऱ्हेचे मिळतात. एक, स्विचच्या मॉड्युलर बॉक्समध्ये बसणारे, थेट २३० व्होल्टवर चालणारे. त्यांच्या आत प्रत्येकाचा स्वतःचा चिमुकला ड्रायव्हर असतो. लावायला सोपे, पण नऊ दिवे म्हणजे नऊ ड्रायव्हर, नऊही गरम भिंतीत. शिवाय पायरीपासून वीतभर उंचीवर, जिथे लहान मुलांचा हात पोचतो आणि फरशी पुसताना ओलं फडकं लागतं, तिथे २३० व्होल्ट न्यायचे. दोन तऱ्हांतला दुसरा मार्ग म्हणजे १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालणारे दिवे आणि सगळ्यांना मिळून एक ड्रायव्हर. जिन्यासाठी मी हाच मार्ग सांगेन. यात भिंतीत फक्त कमी दाबाची वीज राहते, आणि बिघडलं तर एकच डबा बदलावा लागतो. मात्र ड्रायव्हर आयसोलेटेड असला पाहिजे, म्हणजे त्याच्या आत २३० ची बाजू आणि २४ ची बाजू विद्युतदृष्ट्या पूर्ण तोडलेली असली पाहिजे. स्वस्तातले काही ड्रायव्हर तसे नसतात. त्यांच्या आउटपुटला हात लागला तर झटका बसू शकतो, मीटर २४ दाखवत असला तरी. ड्रायव्हरच्या लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. एलईडी ड्रायव्हरच्या सुरक्षिततेचं मानक आयएस १५८८५ हे आहे. ते छापलेलं नसेल तर तो डबा घेऊ नका.

आता ड्रायव्हर घेताना सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो ते पाहू. ड्रायव्हरही दोन जातींचे असतात. एक जात व्होल्टेज पक्कं ठेवते. लेबलवर आउटपुटपुढे एकच आकडा असतो, उदाहरणार्थ २४ व्होल्ट, १.२५ अँपिअर. याला दिवे समांतर जोडायचे, म्हणजे सगळ्यांचे प्लस एकत्र आणि सगळ्यांचे मायनस एकत्र. दुसरी जात करंट पक्का ठेवते. तिच्या लेबलवर व्होल्टेजची रेंज असते, जसं १८ ते ३६ व्होल्ट, आणि करंट एकच, ३५० मिलिअँपिअर. याला दिवे एकामागे एक, माळेसारखे जोडतात. हे दोन्ही डबे दिसायला सारखेच आणि दुकानात शेजारीशेजारी ठेवलेले असतात.

अदलाबदल झाली तर काय होतं? ३५० मिलिअँपिअरचे उघडे एलईडी २४ व्होल्टच्या पक्क्या व्होल्टेजवर लावले, तर त्यांच्यात करंट अडवणारं काही नसतं, ते क्षणात जळतात. उलट, करंट पक्का ठेवणाऱ्या ड्रायव्हरवर दिवे समांतर लावले, तर तो करंट सगळ्यांत वाटला जातो. एक दिवा गेला की त्याच्या वाट्याचा करंट बाकीच्यांच्या अंगावर येतो. मग दुसरा जातो, तिसरा जातो. ‘एकामागे एक दिवे उडत गेले’ अशी तक्रार ऐकली की मी आधी ड्रायव्हरचं लेबल वाचतो.

जिन्यासाठी व्होल्टेज पक्कं ठेवणारा ड्रायव्हर आणि त्याच व्होल्टेजचे दिवे घ्यावेत. एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात, पायरी अंधारात जात नाही.

१२ घ्यायचे की २४? जिना लहान असला तरी २४ घ्या. का ते एका खऱ्या जिन्यावर मोजून पाहू.

आमच्या नात्यातलं एक घर आहे. खाली ओसरी आणि दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. जिना घरातूनच जातो. नऊ पायऱ्या, मग वळणाचा चौक, पुन्हा नऊ पायऱ्या. प्रत्येक पायरीला दिवा लावायची गरज नसते, एकाआड एक पुरतो. खालच्या भागात चार, वरच्या भागात चार आणि चौकात एक. चौकातला दिवा काही जण गाळतात. पण माणूस अडखळतो तो तिथेच, कारण पाय पुढच्या पायरीच्या अंदाजाने पडतो आणि पायरी नसते. तेव्हा नऊ दिवे, प्रत्येकी २ वॅट, एकूण १८ वॅट. ड्रायव्हर ओसरीतल्या डीबीशेजारी, म्हणजे एमसीबींच्या मुख्य पेटीशेजारी. तिथून पहिल्या दिव्यापर्यंत ६ मीटर वायर, आणि पुढे दिव्यादिव्यांतून वळणासकट आणखी ८ मीटर.

१८ वॅटला १२ व्होल्टवर दीड अँपिअर लागतो, २४ व्होल्टवर पाऊण अँपिअर. वायर कितीही चांगली असली तरी तिला थोडा रोध असतोच, आणि तिच्यातून जितका करंट जाईल तितकं व्होल्टेज वाटेत सांडतं. स्प्रिंकलरच्या लाइनीत शेवटच्या नोझलचा फवारा जवळ पडतो, तसंच. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटरच्या मऊ वायरीला, म्हणजे ज्याला वायरमन ‘एकची वायर’ म्हणतात तिला, जाऊन-येऊन दर मीटरला साधारण ०.०३९ ओहम रोध असतो. पहिल्या ६ मीटरमधून पूर्ण करंट जातो. पुढे प्रत्येक दिव्यापाशी तो थोडाथोडा कमी होत जातो. सगळं जोडलं तर शेवटच्या दिव्यापर्यंत १२ व्होल्टवर जवळपास ०.५९ व्होल्ट सांडतो, २४ वर ०.२९.

आकडे लहान वाटतात. पण समजा कोणी घरात पडलेली अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली. १२ व्होल्टवर हाच तोटा दुप्पट होऊन सुमारे १.१७ व्होल्ट होतो. साध्या १२ व्होल्टच्या दिव्यात आत तीन एलईडी एका ओळीत असतात. प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट लागतात, तिघांचे मिळून ९. उरलेले ३ व्होल्ट एका रेझिस्टरवर पडतात, आणि करंट किती जाईल हे तो रेझिस्टर ठरवतो. शेवटच्या दिव्याला १२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळाले, तर एलईडी आपले जवळपास ९ घेणारच. रेझिस्टरकडे उरतात दोनच्या आसपास. म्हणजे पुरवठ्यात तोटा झाला दहाव्या हिश्श्याचा, पण दिव्यातला करंट गेला जवळपास एक तृतीयांशाने खाली. वरच्या पायरीचा दिवा खालच्यापेक्षा पिवळट-मंद दिसतो तो यामुळे. २४ व्होल्टवर १ ची वायर घेतली की हा फरक डोळ्याला जाणवत नाही. काही चांगल्या दिव्यांत आतच करंट सांभाळणारी चिप असते, त्यांना हा तोटा बाधत नाही. पण खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर रेझिस्टरचाच दिवा आहे असं धरून वायर निवडा.

ड्रायव्हर किती वॅटचा? १८ वॅटला १८ चा घेऊ नये. तो सतत पूर्ण भारावर तापत राहतो. भार ड्रायव्हरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा हा सर्वसाधारण नियम आहे. त्या हिशेबाने २२.५ वॅट येतात. आपला उन्हाळा धरून इथे ३० वॅटचा घेतला, २४ व्होल्ट, १.२५ अँपिअर. लेबलवर ‘टीए’ या अक्षरांपुढे एक तापमान असतं. ड्रायव्हरभोवतीची हवा त्याहून गरम नको असा त्याचा अर्थ. ४० लिहिलेलं असेल तर तो आपल्या मे महिन्यासाठी नाही. ५० किंवा त्याहून जास्त पाहून घ्या.

इनपुटचा आकडाही वाचायचा. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले, की काही गावांत संध्याकाळी व्होल्टेज बरंच खाली येतं, आणि मध्यरात्रीनंतर मोटरी बंद झाल्या की वर चढतं. इनपुट ‘२२० ते २४०’ लिहिलेला ड्रायव्हर अशा वेळी लुकलुकतो किंवा बंद पडतो. ‘१०० ते २७७’ किंवा तशी रुंद रेंज लिहिलेला घेतला, तर तो शांतपणे चालतो.

ड्रायव्हरची जागा

वायरमनला भिंतीत ड्रायव्हर टाकणं सोपं वाटतं. त्या घरातही झिरी मारायला आलेला पोरगा म्हणाला, “भाऊ, भित्तीतच टाकून देतो ना डायवर. वरतून प्लास्टर मारलं का दिसतच नाई.” त्याचं म्हणणं खरं होतं, दिसला नसता. पण बिघडला असता तेव्हा सापडलाही नसता.

आपल्याकडे दुसरी आवडती जागा म्हणजे जिन्याखालची. तिथे काय ठेवतात ते आपल्याला माहीत आहे. भाव येईपर्यंत कापूस, नाहीतर तुरीचं कुटार, रिकामी पोती. कापसाजवळ वीजेचा कुठलाही तापणारा डबा नको, बंद खोक्यातला असला तरी नको. जिन्याखालची जागा कायम रिकामी राहणार असेल तरच तिचा विचार करा, आणि ती रिकामी राहील यावर माझा विश्वास नाही. स्लॅबच्या पोटाला चिकटवूनही लावू नका. उन्हाळ्यात गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरमच असतो.

चांगली जागा म्हणजे घरातल्या सावलीच्या भिंतीवर, डीबीजवळ, डोक्याच्या उंचीवर. तिथे १० बाय ८ इंचांचा झाकणाचा पीव्हीसी किंवा पत्र्याचा बॉक्स लावायचा, वर-खाली हवेला भोकं असलेला. त्या भोकांना आतून बारीक जाळी लावा. पाली आणि लाल मुंग्या ऊब शोधत आत शिरतात. ड्रायव्हर बॉक्सच्या पाठीला स्क्रूने बसवायचा, चारही बाजूंनी निदान दोन बोटं जागा मोकळी ठेवून. आत दोन टर्मिनल पट्ट्या असू द्या, एक २३० ची आणि एक २४ ची, एकमेकींपासून लांब. ड्रायव्हर धातूच्या आवरणाचा असेल आणि त्याला अर्थचा स्क्रू असेल, तर अर्थिंगची हिरवी वायर त्याला जोडलीच पाहिजे. बॉक्स पत्र्याचा असेल तर त्यालाही. लेबलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर तो ड्रायव्हर दुहेरी इन्सुलेशनचा, त्याला अर्थ लागत नाही.

स्विच २३० च्या बाजूला, ड्रायव्हरच्या आधी घ्यायचा. म्हणजे दिवे बंद असताना ड्रायव्हरही बंद राहतो, उगाच तापत नाही. जिन्याला खाली एक आणि वर एक असे टू-वे स्विच हवेत. त्यांच्या वायरीसाठी खालच्या बोर्डापासून वरच्या बोर्डापर्यंत वेगळा पाइप जाईल. २४ च्या वायरी आणि २३० च्या वायरी एका पाइपात टाकायच्या नाहीत. २३० च्या वायरीचं इन्सुलेशन पाइपात कुठे सोललं गेलं, तर तो दाब थेट पायरीच्या दिव्यापर्यंत येऊ शकतो, आणि मग कमी दाबाचे दिवे घेण्याला अर्थ राहत नाही. डीबीतलं हे २३० चं काम परवानाधारक वायरमननेच करावं, मेन बंद करून आणि टेस्टरने खात्री करून.

झिरी, पाइप आणि वायर

आधी दिव्यांच्या जागा आखायच्या. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. आखणी होते तेव्हा पायरी नुसती काँक्रीटची असते. पुढे तिच्यावर कोटा किंवा ग्रॅनाइट बसतं, आणि खालच्या मसाल्यासकट पायरी साधारण दोन इंचांनी वर येते. त्यावर भिंतीला चार इंचांची स्कर्टिंग पट्टी लागते. कच्च्या पायरीपासून सहा इंचांवर दिव्याचा बॉक्स बसवला, तर तो थेट त्या पट्टीत अडकतो. मग फरशीवाला पट्टीला खाच मारतो आणि ते कायमचं ओबडधोबड दिसतं. तयार पायरीपासून दिव्याचा मध्य आठ इंचांवर हवा असेल, तर कच्च्या पायरीपासून दहा इंचांवर खूण करा. फरशीची जाडी किती येणार हे आधी फरशीवाल्याला विचारून घ्या. जिन्याच्या प्रत्येक भागातला पहिला आणि शेवटचा दिवा मोजून ठरवला, की दोघांमध्ये दोरी ताणून मधल्या खुणा करायच्या. प्रत्येक पायरीपासून वेगळं मोजलं, तर पायऱ्यांचा अर्धा-पाऊण इंचाचा फरक दिव्यांच्या रांगेत उतरतो आणि रांग वाकडी दिसते.

दिवा खाली तोंड करणारा, वरून झाकणी असलेला घ्या. रंग उबदार, ३००० केल्विनच्या आसपास. समोर उघडा प्रकाश फेकणारा दिवा खालून चढणाऱ्याच्या सरळ डोळ्यांत येतो आणि पायरी दिसायची ती दिसतच नाही.

आता झिरी. भिंत किती इंची आहे यावर सगळं अवलंबून आहे. बांधकामातला जुना नियम असा: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. आडव्या झिरीने विटांचा संपूर्ण थर कमजोर होतो, म्हणून तिच्यावर बंधन जास्त. जिन्याच्या बाजूने जाणारी तिरपी झिरी आडवीच समजायची. नऊ इंची भिंतीत, म्हणजे २३० मिलिमीटरमध्ये, एक षष्ठांश म्हणजे ३८ मिलिमीटर. २० मिलिमीटरचा पाइप त्यात आरामात बसतो आणि वर मसाल्याला जागा राहते. साडेचार इंची भिंतीत मात्र हा आकडा १९ वर येतो. त्यात पाइपही पुरता बसत नाही. अशा भिंतीला लांब तिरपी झिरी मारू नका. भिंतीच्या मागे खोली असेल, तर दिव्यांपुरते बॉक्स जिन्याकडून कोरा, मागे आरपार भोक पाडा आणि वायर खोलीच्या बाजूने केसिंग पट्टीतून न्या. दिसायला थोडं कमी सुबक, पण भिंत शाबूत राहते.

झिरी कटरने दोन समांतर रेघा कापून मग हलक्या छिन्नीने काढावी. नुसता हातोडा-छिन्नी चालवली तर ओल्या जोडाईच्या विटा हलतात. कॉलम किंवा बीम आडवा आला तर त्याला हात लावायचा नाही. त्यातल्या गजावर दोन ते चार सेंटिमीटर काँक्रीटच असतं, झिरी मारली की गज उघडा पडतो आणि गंजायला लागतो. चौकाच्या बीमपाशी हे नेहमी होतं. तिथला पाइप स्लॅब भरायच्या आधीच टाकून ठेवावा. ती वेळ निघून गेली असेल तर बीमला वळसा घालून जावं.

पाइप आयएसआय मार्कचा, मध्यम किंवा जाड प्रतीचा घ्या. पातळ पाइप प्लास्टर ठोकताना चेपतो. ड्रायव्हरच्या बॉक्सपासून पहिल्या दिव्याच्या बॉक्सपर्यंत, तिथून दुसऱ्याच्या, असा तो बॉक्स ते बॉक्स जातो. वळणाला काटकोनी एल्बो लावू नका, लाँग बेंड लावा. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं आली तर वायर ओढली जात नाही, मध्ये एक जादा बॉक्स द्या. पाइपमध्ये जीआय तार घालून ठेवा. पुढे तिलाच वायर बांधून ओढता येते. बॉक्सची तोंडं थर्माकोल किंवा कागद कोंबून बंद करा. नाहीतर गवंड्याचा मसाला आत जाऊन दगडासारखा घट्ट बसतो.

जोड फक्त बॉक्समध्ये करायचा, पाइपच्या पोटात कधीच नाही. पाइपात पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात ओल धरतो, तांबं काळं पडतं, आणि तो जोड नक्की कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक बॉक्समध्ये वायरीला वीतभर ढील ठेवा. तेवढी असली की उद्या दिवा बाहेर काढून हातात घेता येतो. जोडायला दाबपट्टीचे कनेक्टर वापरा किंवा झाळून वर हीट-श्रिंक नळी चढवा. लाल प्लस, काळी मायनस, सगळीकडे हेच. उलटं जोडलं तर दिवा लागणार नाही, आणि नऊ दिव्यांत उलटा कोणता हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

प्लास्टरच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भिंतीला मोजपट्टी लावून. पाइप कुठून गेलाय हे पुढे खिळा ठोकताना कळलं पाहिजे. झिरी एकास चार मसाल्याने भरून, त्यावर वीतभर रुंद कोंबडी-जाळी ठोकून मग प्लास्टर करा. जाळी नसली की बरोबर पाइपच्या रेघेवर तडा जातो. काळ्या मातीतली घरं पावसाळ्यात-उन्हाळ्यात हलतातच, त्यामुळे आपल्याकडे हे जरा जास्तच होतं. प्लास्टरला पाणी मारून झालं, भिंत सुकली, की मगच वायर ओढा. दिवे तर रंगाच्या शेवटच्या हातानंतर.

सुरू केल्यावर मीटर लावून बघा

सगळे दिवे जोडून झाल्यावरच ड्रायव्हर सुरू करायचा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून, सगळे दिवे चालू असताना, आधी ड्रायव्हरच्या आउटपुटला आणि मग शेवटच्या दिव्याच्या कनेक्टरला व्होल्टेज मोजायचं. आमच्या हिशेबात फरक ०.२९ यायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या आत आला तर ठीक. एक-दीड व्होल्ट आला, तर वायर बारीक आहे किंवा मध्ये कुठे जोड सैल आहे. सैल जोड शोधायला एकेका बॉक्सवर मोजत जायचं. ज्या दोन बॉक्सच्या मध्ये आकडा एकदम पडतो, जोड त्यांच्यातल्याच एका बॉक्समध्ये असतो.

दिवे दर सेकंदाला लागत-विझत असतील, तर ड्रायव्हरवर भार जास्त झालाय किंवा कुठे प्लस-मायनस चिकटलेत. तो स्वतःला वाचवायला बंद होतो आणि पुन्हा सुरू करून बघतो. अर्धे दिवे काढून पाहा. तरीही तसंच चाललं तर शॉर्ट शोधा, थांबलं तर भार मोजा. सगळे मिळून फक्त संध्याकाळीच लुकलुकत असतील, तर २३० च्या बाजूला मोजा. तिथे १७०-१८० आले तर दिव्यांचा दोष नाही, रुंद रेंजचा ड्रायव्हर लागेल.

स्विच बंद असूनही दिवे मंद पेटलेले दिसले किंवा थोड्या थोड्या वेळाने चमकून गेले, तर बहुतेक वेळा स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसलेला असतो. फेज ड्रायव्हरपर्यंत पोचलेलाच राहतो. थोडा थोडा करंट गळत जाऊन ड्रायव्हर भरतो, एकदा चमकतो, पुन्हा भरतो. स्विचमध्ये छोटा निऑन दिवा असेल तरी असं होऊ शकतं. निऑन काढून पाहा. तरी चालूच राहिलं तर बोर्ड उघडून फेज-न्यूट्रल बदलून घ्यावे लागतील. ते तसंच सोडू नये. स्विच बंद केला म्हणून कोणी ड्रायव्हर उघडायला गेलं, तर आत पूर्ण २३० व्होल्टचा फेज हजर असतो.

पुढे कधी ड्रायव्हर गेलाच, तर जुन्याच्या लेबलवरचे तीन आकडे पाहून नवा आणायचा: आउटपुटचं व्होल्टेज अगदी तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, टीए तेवढंच किंवा जास्त. एमसीबी पाडायचा, झाकण उघडायचं, चार वायरी सोडवून नव्याला लावायच्या. अर्थ असेल तर पाच.